आप्पांचा बंगला, बेबी आणि ट्रस्टचा कागद

परवा एका शाळेतल्या मैत्रिणीचा फोन आला. "अगं, आम्ही सगळी प्रॉपर्टी फॅमिली ट्रस्टमध्ये टाकतोय, तुम्हीपण टाका ना. वारसाची कटकट नाही, टॅक्स नाही, काही नाही." नाशिकमध्ये सध्या हे फार ऐकू येतंय. हॉटेलच्या हॉलमध्ये चहा-समोशासकट सेमिनार होतात आणि शेवटी एक फॉर्म हातात ठेवतात. अशा एका सेमिनारला मी आणि आप्पा गेलो होतो. त्यानंतरचं दीड वर्ष आम्ही वकील, सीए आणि दुय्यम निबंधक कार्यालय यांच्या पायऱ्या चढण्यात घालवलं. त्यातून जे कळलं ते सांगते. पोस्ट मोठी आहे, पण ज्यांच्या घरी आमच्यासारखी परिस्थिती आहे त्यांनी पूर्ण वाचा.

आधी परिस्थिती. आप्पा 79 वर्षांचे, सातपूरच्या कारखान्यातून निवृत्त. गंगापूर रोडला आत एका गल्लीत आमचा बंगला. प्लॉट 1986 साली घेतला, घर हप्त्याहप्त्याने बांधलं. शरणपूर रोडला एक छोटा गाळा आहे, त्याचं तीस हजार भाडं येतं. आई 74 वर्षांची. आम्ही तिघं भावंडं. मी मोठी, नाशिकमध्येच. धाकटा भाऊ न्यू जर्सीला. आणि आमच्या दोघांमधली बेबी, वय 48. बेबीची बुद्धी सहा-सात वर्षांच्या मुलीएवढी. ती स्वतःचं जेवते, आंघोळ करते, टीव्हीवरच्या मालिकांची नावं पाठ आहेत तिला. पण पाचशेची नोट आणि पन्नासची नोट यांतला फरक तिला सांगता येत नाही.

आईआप्पांच्या डोक्यात गेली चाळीस वर्षं एकच प्रश्न आहे: आमच्यामागे हिचं काय? अशी मूल असलेल्या प्रत्येक घरात हे वाक्य रोज कुणी ना कुणी मनात म्हणतं.

काहीच केलं नाही तर काय होईल ते वकिलांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. आप्पांनी मृत्युपत्र न करता डोळे मिटले, तर हिंदू वारसा कायद्याने त्यांच्या स्वकष्टार्जित मिळकतीचे चार समान हिस्से. आई, मी, बेबी, भाऊ. सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर चार नावं लागतील. ऐकायला न्याय्य वाटतं. पण त्यातला एक हिस्सा अशा व्यक्तीच्या नावे असेल जिला सही म्हणजे काय हे कळत नाही. उद्या गळकी गच्ची दुरुस्त करायला कर्ज काढायचं, गाळ्याचा भाडेकरार करायचा, किंवा घर विकून लहान फ्लॅट घ्यायचा म्हटलं, की तिच्या वतीने सही कोण करणार? नंतर आईचा हिस्साही पुन्हा तिघांत वाटला जाणार. जुन्या नाशकात आमच्या आजोबांच्या वाड्याचं मालमत्ता पत्रक मी पाहिलंय. त्यावर तेवीस नावं आहेत, त्यातली निम्मी हयात नाहीत. वाड्याची मागची भिंत पावसाळ्यात पडली तेव्हा ती बांधायला कुणाची संमती घ्यायची हेच ठरेना. (त्या वाड्यातला हिस्सा ट्रस्टमध्ये टाकता येईल का, असंही आप्पांनी विचारलं. फक्त स्वतःचा हिस्सा टाकता येतो, बाकी बावीस जणांचा नाही. म्हणजे गुंता तसाच राहतो. तो विषय तिथेच संपला.)

मग ट्रस्ट. इथे एक गैरसमज आधी दूर करते, कारण आम्हीही त्यात फसलो. ट्रस्ट म्हटलं की आपल्याकडे देवस्थान, शाळा, धर्मादाय आयुक्त असंच डोळ्यांसमोर येतं. ते सार्वजनिक न्यास, त्यांचा कायदा 1950 चा. कुटुंबाचा खासगी ट्रस्ट वेगळा. तो 1882 च्या भारतीय विश्वस्त कायद्याखाली होतो आणि धर्मादाय कार्यालयाशी त्याचा संबंध नसतो. मिळकत स्थावर असेल तर दोनच रस्ते: एकतर लेखी ट्रस्टडीड करून दुय्यम निबंधकाकडे नोंदवायचं, नाहीतर मृत्युपत्रातून ट्रस्ट निर्माण करायचा. या दोन रस्त्यांतला फरक सेमिनारमध्ये कुणी सांगितला नव्हता. आमचं सगळं त्या फरकावरच ठरलं.

ट्रस्टमध्ये होतं असं. मिळकत कायद्याने विश्वस्तांच्या मालकीची होते, पण उपभोग लाभार्थ्याचा. विश्वस्ताने ती स्वतःसाठी वापरायची नाही, त्यातून नफा काढायचा नाही. आप्पा गेल्यावर वारसनोंदीचा प्रश्नच येत नाही, कारण मिळकत आधीच त्यांच्या नावावरून निघालेली असते. एक विश्वस्त गेला तर दुसरा नेमला जातो, मिळकत जागच्या जागी. आणि बेबीला सही करायची गरजच उरत नाही. आप्पांना हे ऐकून इतकं बरं वाटलं की ते म्हणाले, उद्याच करू.

वकील म्हणाले, "आप्पासाहेब, आधी मुद्रांक शुल्क काढू."

रेडी रेकनरप्रमाणे बंगल्याची किंमत आली 1 कोटी 60 लाख. गाळ्याची 60 लाख. एकूण 2 कोटी 20 लाख. महाराष्ट्राच्या मुद्रांक कायद्यात ट्रस्टसाठी वेगळा अनुच्छेद आहे. धार्मिक किंवा धर्मादाय कारणासाठी असेल तर दर कमी. पण खासगी ट्रस्टमध्ये मिळकत दिली जात असेल तर खरेदीखताला लागतं तेवढंच शुल्क, बाजारमूल्यावर. महापालिका हद्दीत मूळ दर पाच टक्के. म्हणजे 11 लाख रुपये. नोंदणी फी वेगळी, ती एक टक्का, पण तीस हजारांच्या वर जात नाही. महापालिकेचा अधिभार धरायचा की नाही हा आणखी एक प्रश्न. कायद्यात तो विक्री, बक्षीस आणि ताबेगहाण यांच्या दस्तांसाठी लिहिलेला आहे, ट्रस्टडीडला लावतात का हे लेखी विचारून घ्यावं लागतं.

आप्पा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे मी माझंच घर माझ्याच मुलीसाठी ठेवायला अकरा लाख भरायचे?"

आता इथे खरी गंमत आहे. गंमत म्हणवत नाही, पण दुसरा शब्द सापडत नाही. 2015 पासून महाराष्ट्रात राहतं घर किंवा शेतजमीन नवरा, बायको, मुलगा, मुलगी, नातवंडं किंवा दिवंगत मुलाची पत्नी यांना बक्षीसपत्राने दिली, तर मूळ मुद्रांक शुल्क फक्त 200 रुपये. (अधिभार वेगळा लागतो, तो विसरू नका.) गाळ्यासारख्या व्यापारी मिळकतीला ही सवलत नाही, तिथे जवळच्या नात्यातही तीन टक्के आहेत. सवलत चांगलीच आहे, हजारो घरांचं काम तिने सोपं केलं. पण ती व्यक्तीला दिलेल्या बक्षिसाला आहे. त्या यादीत विश्वस्त नाही. म्हणजे न्यू जर्सीत स्वतःचं घर असलेल्या माझ्या भावाला आप्पा हा बंगला 200 रुपयांच्या मुद्रांकावर देऊ शकतात. आणि जिला स्वतःचं काहीच सांभाळता येत नाही त्या बेबीसाठी तोच बंगला सुरक्षित ठेवायचा, तर बंगल्याचेच आठ लाख.

कुणी म्हणेल, मग बेबीलाच बक्षीस द्या ना, तीही मुलगीच आहे. द्या, 200 रुपयांत होईल. पण मग ती बंगल्याची मालकीण झाली, आणि मालकिणीला सही येत नाही. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली बौद्धिक अपंगत्व, ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी अशा व्यक्तींसाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक समितीकडून पालक नेमून घेता येतो. बेबीसाठी आम्ही तो अर्ज करणारच आहोत, तिच्या रोजच्या कामांना तो लागतोच. पण पालक म्हणजे तिच्या वतीने काम पाहणारा माणूस. आप्पांनंतर घर कसं वापरायचं, विकायचं की नाही, विकलं तर पैसे कुठे जायचे, तिच्यानंतर कुणाला द्यायचं, हे आप्पांच्या शब्दांत लिहून ठेवण्याची सोय त्यात नाही. ती ट्रस्टमध्येच आहे.

एका ओळखीच्या गृहस्थांनी युक्ती सुचवली. आप्पांनी स्वतःलाच विश्वस्त जाहीर करायचं, म्हणजे मिळकत कुणाला दिलीच नाही, म्हणून शुल्क नाही. आमच्या वकिलांनी हे ऐकून चष्मा काढून ठेवला. मालक बदलला नसला तरी त्याचा हक्क लाभार्थ्याकडे गेला, आणि मुद्रांक खातं तेच बघणार. शुल्क कमी भरलं असं नंतर निघालं तर फरकावर दरमहा दोन टक्के दंड सुरू होतो. आप्पा गेल्यावर दहा वर्षांनी ती नोटीस कुणाच्या हातात पडणार? शंका असेल तर दस्ताचा मसुदा मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे अभिनिर्णयासाठी द्यावा, ते शुल्क किती हे लेखी ठरवून देतात. दुसऱ्याच्या सांगण्यावर शंभर-पाचशेच्या मुद्रांकावर ट्रस्टडीड करून ठेवलेली माणसं आहेत. स्थावर मिळकतीच्या बाबतीत नोंदणी न झालेला तो कागद म्हणजे कोरा कागदच.

आता आयकर. सीएंनी आम्हाला पाटीवर समजावलं तसंच सांगते.

ट्रस्टमध्ये मिळकत देताना आप्पांना भांडवली नफ्याचा कर नाही, कारण ट्रस्ट कायमचा असेल तर ती विक्री धरत नाहीत. ट्रस्टनेही ती फुकट मिळाली म्हणून कर भरायचा नाही, पण एका अटीवर: ट्रस्ट फक्त देणाऱ्याच्या नातेवाइकांच्या फायद्यासाठी हवा. यातला 'फक्त' हा शब्द महागात पडू शकतो. आप्पांना ट्रस्टडीडमध्ये नंदामावशींसाठी पाच लाख लिहायचे होते. नंदामावशी गेली अठरा वर्षं बेबीला सांभाळतात, तिच्या आजारपणात रात्र रात्र जागतात. पण आयकराच्या यादीत त्या नातेवाईक नाहीत. त्यांचं नाव लाभार्थी म्हणून आलं की ट्रस्ट 'फक्त नातेवाइकांचा' राहत नाही, आणि मग मिळकतीची अख्खी मुद्रांक किंमत ट्रस्टचं उत्पन्न धरली जाण्याची भीती. सव्वादोन कोटींचं उत्पन्न, एका ओळीमुळे. पुतण्याचंही तसंच आहे. काकाने ट्रस्ट करून पुतण्याला लाभार्थी केलं तर तो त्या यादीत बसत नाही, कारण यादीत भाऊ-बहीण आहेत, त्यांची मुलं नाहीत. आपल्याकडे पुतण्याला मुलगा म्हणतात, आयकर खातं म्हणत नाही.

दरवर्षीच्या उत्पन्नाचं गणित आणखी महत्त्वाचं. ट्रस्ट दोन प्रकारचे. एकात लाभार्थी आणि त्यांचे हिस्से लिहून ठरलेले असतात. दुसऱ्यात 'विश्वस्तांना योग्य वाटेल त्याला, योग्य वाटेल तेवढं' असं असतं. सेमिनारवाले सहसा दुसरा प्रकार विकतात, त्यात लवचिकता असते म्हणून. पण त्यात साधारण नियम असा की उत्पन्नावर सर्वांत वरच्या दराने कर. आमच्या गाळ्याचं भाडं वर्षाला 3 लाख 60 हजार. त्यातून तीस टक्के प्रमाणित वजावट गेली की 2 लाख 52 हजार. त्यावर तीस टक्के आणि उपकर धरून 31.2 टक्के म्हणजे 78,624 रुपये, पहिल्या रुपयापासून. वर अधिभारही लागणार अशी भीती होती. पण मुंबईच्या आयकर अपिलीय न्यायाधिकरणाच्या विशेष पीठाने 2025 मध्ये सांगितलं की अधिभार उत्पन्नाच्या टप्प्यानुसारच लावायचा, त्यामुळे एवढ्या लहान उत्पन्नाला तो नाही.

तेच पहिल्या प्रकारात, जिथे लाभार्थी फक्त बेबी असं स्पष्ट लिहिलंय, तिथे विश्वस्तांवर तेवढाच कर जेवढा बेबीवर लागला असता. बेबीला दुसरं उत्पन्न नाही. नव्या करपद्धतीत चार लाखांपर्यंत कर नाही. म्हणजे शून्य. एकाच गाळ्याचं तेच भाडं, एका मसुद्यात वर्षाला पाऊण लाखाच्या वर कर, दुसऱ्यात काहीच नाही.

विश्वस्ताला लाभार्थ्याच्या जागी धरायचं, त्याच्यापेक्षा जास्त नाही आणि कमी नाही, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने 1977 मध्ये निजामाच्या फॅमिली ट्रस्टच्या प्रकरणात पक्कं केलं. हो, तोच हैदराबादचा सातवा निजाम, ज्याच्या राज्यात आपला मराठवाडा होता. संस्थान गेल्यावर 1950 मध्ये त्याने कुटुंबासाठी ट्रस्ट केले होते. निजामाच्या खटल्यातून आमच्या बेबीच्या भाड्याचा हिशोब सुटला याची आप्पांना फार मौज वाटली. निजामाच्या काळी संपत्ती कर आणि वारसा कर दोन्ही होते, त्यामुळे श्रीमंतांना ट्रस्ट लागायचेच. वारसा कर 1985 मध्ये गेला, संपत्ती कर 2015 मध्ये. तो वारसा कर परत येणार अशी आवई दर बजेटला उठते आणि सेमिनारच्या खुर्च्या भरतात. येईलही. पण न आलेल्या करासाठी आज अकरा लाख भरायचे का, हे ज्याने त्याने ठरवावं.

आणखी एक. आई लाभार्थी असती तर तिच्या वाट्याचं उत्पन्न आप्पांच्याच उत्पन्नात मिळवलं गेलं असतं, कारण नवऱ्याने बायकोसाठी दिलेलं असं धरतात. सुनेचंही तसंच. सज्ञान मुलीला हा नियम नाही. आणि 'मला वाटलं तर परत घेईन' असं कलम ठेवलं तर सगळं उत्पन्न आप्पांचंच धरणार. आप्पांना ते कलम हवं होतं. या वयात घर हातातून जाऊ द्यायला कुणालाच आवडत नाही.

या टप्प्यावर वकिलांनी दुसरा रस्ता पुढे ठेवला. त्यांनी तो पहिल्याच दिवशी का सांगितला नाही, असं मी विचारलं. म्हणाले, "सांगितला असता तर पटला नसता."

ट्रस्ट मृत्युपत्रात लिहायचा.

आप्पांच्या मृत्युपत्रात असं लिहिलं की माझ्या पश्चात बंगला आणि गाळा अमुक विश्वस्तांकडे जाईल, ते बेबीसाठी सांभाळतील, पत्नीला हयातभर बंगल्यात राहण्याचा हक्क राहील, बेबीच्या पश्चात उरेल ते माझ्या नातवंडांना समान. मृत्युपत्राला मुद्रांक शुल्क नाही. नोंदणी सक्तीची नाही, पण आम्ही केली, फी नाममात्र. मृत्युपत्राने मिळालेल्या मिळकतीवर आयकर नाही, मग घेणारा नातेवाईक असो वा नसो. म्हणून नंदामावशींचे पाच लाख निर्धास्तपणे लिहिता आले. करातही एक जास्तीची सोय आहे: मृत्युपत्राने केलेला ट्रस्ट त्या माणसाने मृत्युपत्राने केलेला एकमेव ट्रस्ट असेल, तर त्यात हिस्से ठरलेले नसले तरी वरचा दर न लावता नेहमीच्या टप्प्यांप्रमाणे कर लागतो. 'एकमेव' म्हणजे दोन मुलांसाठी दोन ट्रस्ट लिहिले की सोय गेली. 1 एप्रिल 2026 पासून नवा आयकर कायदा लागू, कलमांचे आकडे बदललेत, तेव्हा जुन्या कलमांच्या झेरॉक्स घेऊन कुणी आलं तर सीएंकडून नवा क्रमांक तपासून घ्या.

अकरा लाख वाचले. पण हा रस्ता फुकटचा नाही, त्याचे धोके वेगळे.

मृत्युपत्र माणूस गेल्यावरच जागं होतं. उद्या आप्पांना स्मृतिभ्रंश झाला आणि ते दहा वर्षं अंथरुणावर राहिले, तर त्या दहा वर्षांत गाळ्याचा करार कोण करणार? जिवंतपणीच्या ट्रस्टमध्ये विश्वस्त करतील. मृत्युपत्रातल्या ट्रस्टला तेव्हा अस्तित्वच नसतं. यावर आम्हाला पूर्ण उत्तर मिळालं नाही. बँक खाती आईच्या संयुक्त नावावर केली, गाळ्याचा करार लांब मुदतीचा केला, एवढंच. ज्यांच्या घरी भाड्याच्या मिळकती जास्त आहेत किंवा धंदा आहे, त्यांनी या एका कारणासाठी शुल्क भरून आजच ट्रस्ट करण्याचा विचार करावा, तो खर्च वाया नाही.

दुसरा धोका, मृत्युपत्राला आव्हान देता येतं. आम्ही त्या दिवशी आप्पांच्या डॉक्टरांचं प्रकृती उत्तम असल्याचं प्रमाणपत्र जोडलं, साक्षीदार आप्पांपेक्षा तरुण घेतले (त्यांचे मित्र साक्षीला आले असते, पण वेळ येईल तेव्हा साक्ष द्यायला तेही हवेत ना), आणि मुलगा-मुलगीला थेट हिस्सा का दिला नाही याचं कारण आप्पांच्याच शब्दांत लिहिलं. नाशिकमध्ये अशा मृत्युपत्राला प्रोबेट सक्तीचं नाही, ते मुंबई शहरातल्या मिळकतींचं दुखणं होतं, तेही 2025 मध्ये संपलं. तरी सिटी सर्व्हेला विश्वस्तांची नावं लावताना कुणी हरकत घेतली तर नोंद अडकते.

आणि हरकत घेणारे म्हणजे कोण? आम्हीच की. मी आणि भाऊ.

हे लिहायला जड जातंय पण लिहिते. मसुदा वाचताना मी आप्पांना विचारलं, "माझ्यावर विश्वास नाही का? मी बेबीला टाकून देईन?" आप्पा म्हणाले, "तुझ्यावर आहे गं. तुझ्या पोरावर का ठेवू? त्याच्या बायकोला तर मी अजून पाहिलेलंही नाही." मला राग आला होता. दोन दिवस मी त्यांच्याशी नीट बोलले नाही. मग गंगापूर रोडला आता काय भाव चाललाय हे मी मोबाइलवर शोधलं, स्वतःच्याच नकळत. आणि आप्पा बरोबर आहेत हे मला कळलं.

मसुद्यात तीन गोष्टींवर आम्ही सर्वांत जास्त वेळ घालवला, त्या सांगते, कारण तयार फॉर्मॅटमध्ये त्या नसतात. कायद्याने सगळ्या विश्वस्तांनी मिळून काम करायचं असतं, कागदात वेगळं लिहिलं नसेल तर. भाऊ विश्वस्त आहे, पण तो अमेरिकेत. पाण्याची मोटार बदलायलाही त्याची सही लागली असती. म्हणून तिघांपैकी दोघांच्या सहीने काम चालेल, फक्त बंगला विकायला तिघंही हवेत, असं लिहिलं. (तिकडच्या कर खात्यालाही परदेशी ट्रस्टची माहिती वेगळ्या फॉर्मवर द्यावी लागते, म्हणून भावाने तिथल्या सीएला विचारूनच होकार दिला. ज्यांची मुलं अमेरिकेत आहेत त्यांनी हे विसरू नये.) दुसरं, विश्वस्ताने एकदा पद स्वीकारलं की मनात आलं म्हणून सोडता येत नाही. लाभार्थ्याची संमती, कोर्टाची परवानगी, नाहीतर कागदात तशी तरतूद लागते. बेबी संमती देऊ शकत नाही. तरतूद नसती तर प्रत्येक राजीनाम्याला कोर्ट. तिसरं, विकण्याचा अधिकार. आप्पा आधी म्हणाले, घर विकायचंच नाही असं लिहा. वकिलांनी विचारलं, "बेबीताई सत्तरीच्या झाल्या, जिना चढता येईना, बंगल्यात दोन खोल्या गळतायत, तरी नाही?" मग लिहिलं: विकता येईल, पण आलेल्या पैशातून आधी बेबीसाठी तळमजल्याचं राहण्याचं ठिकाण, उरलेले बँकेत तिच्या ट्रस्टच्या नावे.

तिसरा विश्वस्त मिळायला आठ महिने लागले. पैसे नाहीत, जबाबदारी आहे, चुकलं तर स्वतःच्या खिशातून भरायचं. कुणी का घेईल? दोन नातेवाइकांनी हसून नाही म्हटलं. शेवटी आप्पांच्या कारखान्यातल्या सहकाऱ्याची मुलगी तयार झाली, तिचा स्वतःचा भाऊ बेबीसारखाच आहे. आता तिच्या भावाच्या ट्रस्टवर मी आहे.

त्या मुद्रांक सवलतीबद्दल मी आमच्या आमदारांना आणि महसूल खात्याला पत्र लिहिलंय. मागणी एवढीच की अपंगत्वाचं प्रमाणपत्र असलेल्या मुला-मुलीसाठी आईवडिलांनी राहत्या घराचा ट्रस्ट केला, तर बक्षीसपत्राचीच 200 रुपयांची सवलत लावावी. यादीत एक ओळ वाढवायची आहे. अजून उत्तर नाही. ज्यांच्या घरी असं मूल आहे आणि ज्यांना त्या पत्रावर सही करायची आहे, त्यांनी कमेंटमध्ये फक्त गावाचं नाव लिहा, मी मसुदा पाठवते.

नोंदणीच्या दिवशी बेबी आमच्याबरोबर होती. आप्पांच्या अंगठ्याचा ठसा मशीनवर घेत होते, ते तिला फार आवडलं. तिनेही अंगठा पुढे केला. तिथल्या ताईंनी तिला मशीनवर हात ठेवू दिला.